दकियानूसचा दाखला

जुनाट विचारांच्या माणसाला आपल्या घरांत ‘दकियानूसी’ म्हणतात. मुलीला कॉलेजात पाठवू नका म्हणणारा मामू दकियानूसी आणि मोबाइलला हराम म्हणणारा शेजारीही दकियानूसी. उर्दूतून आणि हिंदी सिनेमातून आलेला हा शब्द आता मराठीतही सर्रास ऐकू येतो. पण हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे, आणि तो माणूस रोमचा सम्राट होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव डेसियस. अरबी-फारसीत त्याचे दक्यानूस झाले. इ.स. २४९ ते २५१ अशी जेमतेम दोन वर्षे त्याने राज्य केले.

हा दक्यानूस आपल्यापर्यंत पोचला तो असहाब-ए-कहफच्या गोष्टीतून. अनेक घरांत जुम्याला सूरह कहफ वाचली जाते. एका अल्लाहवर ईमान ठेवणारे काही तरुण जुलमाला कंटाळून गुहेत जातात, झोपतात आणि कित्येक पिढ्यांनंतर जागे होतात, ही त्यातली गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. कुरआनात राजाचे किंवा शहराचे नाव नाही. तफसीर लिहिणाऱ्यांनी मात्र राजाचे नाव दक्यानूस सांगितले आहे. ख्रिस्ती परंपरेत हीच गोष्ट इफिसस शहरातील सात तरुणांची म्हणून सांगितली जाते. त्या आख्यायिकेप्रमाणे ते डेसियसच्या काळात झोपले आणि दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, जागे झाले. जागे झाल्यावर त्यांच्यातला एकजण भाकरी आणायला बाजारात जातो आणि दुकानदाराला डेसियसच्या काळातले नाणे देतो. दुकानदार चक्रावतो, कारण आता सम्राट स्वतःच ख्रिस्ती आहे आणि वेशीवर क्रूस लागला आहे.

आपण ही गोष्ट इथेच थांबवतो. जुलूम संपला, ईमान जिंकले, असे म्हणून समाधान मानतो. मला प्रश्न पडतो तो त्यांच्या झोपेचा. ते झोपले असताना नेमके काय घडले? जुलमाची यंत्रणा मोडली, की तिचे फक्त मालक बदलले? हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासापुरता नाही. ज्या समाजाला आज सरकारच्या नाराजीची भीती वाटते आणि उद्या सरकारच्या मर्जीची आशा वाटते, अशा प्रत्येक समाजाचा तो प्रश्न आहे.

एका अर्जाची गोष्ट

सुरुवात दक्यानूसपासून करू. त्याच्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे ख्रिस्ती लोकांचा छळ अधूनमधून, जागोजागी होत होता. इ.स. ११२च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारले होते की या लोकांचे करायचे काय. त्राजानचे उत्तर असे होते : त्यांना मुद्दाम हुडकू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कोणी समोर आणून उभा केला आणि त्याने आपला धर्म सोडला नाही, तर शिक्षा करा. त्याने आपल्या देवांची पूजा करून दाखवली, तर सोडून द्या.

रोमन राज्याचा सगळा स्वभाव या उत्तरात आहे. तुमच्या मनात काय आहे याच्याशी त्या राज्याला फारसे देणेघेणे नव्हते. देवतांना नैवेद्य मिळाला की त्या राज्याचे रक्षण करतात, आणि एखाद्या गटाने तो नाकारला तर कोप सगळ्यांवर होतो, अशी समजूत होती. यहुद्यांना सूट होती, कारण त्यांचा धर्म त्यांच्या बापजाद्यांचा होता. ख्रिस्ती लोकांनी मात्र बापजाद्यांचे देव सोडले होते, आणि रोमन डोळ्यांना हाच मोठा गुन्हा दिसत होता.

डेसियसने यात नवी गोष्ट आणली. सरहद्दीवर गॉथ टोळ्या चाल करून येत होत्या, सिंहासन डळमळीत होते. त्याने हुकूम काढला की साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना बळी किंवा धूप अर्पण करावा, मद्याची धार वाहावी, नैवेद्य चाखावा आणि हे केल्याचा दाखला घ्यावा. हुकमाचा भर ‘ख्रिस्ती लोकांना पकडा’ यावर नव्हता. तो सगळ्यांना सारखाच लागू होता.

हे दाखले आज आपल्याला वाचायला मिळतात. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. त्यांपैकी एक डायोजेनिस नावाच्या माणसाचा आहे. वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. तो गावच्या समितीला अर्ज करतो की मी आजवर देवतांना अर्पण करत आलो आहे आणि आत्ताही हुकमाप्रमाणे तुमच्यासमोर बळी दिला, धार वाहिली, प्रसाद चाखला, तरी प्रमाणित करावे ही विनंती. खाली साक्षीदाराची सही आणि तारीख. ती तारीख आपल्या हिशेबाने २६ जून २५० ही येते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हा कागद परका वाटणार नाही. तहसील कचेरीची रांग, सेतू केंद्रातला अर्ज, ‘शरीरावरील ओळखखूण’ हा रकाना आणि शेवटी शिक्का. त्या माणसाची भुवई आणि आपल्या अर्जावरचा तीळ यांत सतराशे वर्षांचे अंतर आहे, पण कागदाची जात एकच आहे. आणखी एक दाखला तर मगरीच्या रूपातल्या देवाच्या पुजारणीचा आहे. जिचे आयुष्य देवळात गेले, तिलाही आपण देव मानतो याचा पुरावा द्यावा लागला. सगळ्यांना सारखा लागू असलेला कागद प्रत्यक्षात एकाच गटाच्या गळ्याला फास कसा होतो, हे इथे दिसते. पुजारणीला तो दाखला म्हणजे फक्त एक हेलपाटा होता. ख्रिस्ती माणसाला तो ईमानाचा सौदा होता.

मग लोकांनी काय केले? काहींनी नकार दिला आणि तुरुंग, छळ, मृत्यू पत्करला. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच गेला. अनेकांनी मुकाट्याने धूप टाकला. आणि बऱ्याच जणांनी तिसरा रस्ता काढला : कारकुनाला पैसे देऊन न केलेल्या पूजेचा दाखला विकत घेतला. मूर्तीपुढे झुकलो नाही आणि जीवही वाचला. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपून राहिला होता. तो परत आला तेव्हा त्याच्यापुढे हा पेच होता की धूप टाकणारा आणि खोटा दाखला घेणारा, दोघांचे पाप सारखे मानायचे का. तुरुंगात जाऊन आलेले लोक तेवढ्यात स्वतःच चुकलेल्यांना माफीच्या चिठ्ठ्या वाटू लागले. म्हणजे सरकारी दाखल्याला उत्तर म्हणून दुसरा दाखला निघाला.

डेसियस २५१ मध्ये गॉथांशी लढताना मारला गेला आणि हुकूम थंडावला. पण समाजात पडलेली फट राहिली. कोण झुकला, कोण झुकला नाही, कोणाच्या हातून पवित्र विधी घ्यायचा, हे प्रश्न आता भावाभावांत आले.

सिर्टाचा पंचनामा

पन्नास वर्षांनी हीच फट मोठी झाली. फेब्रुवारी ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने फर्मान काढले की चर्चेस पाडा, धर्मग्रंथ ताब्यात घेऊन जाळा, ख्रिस्ती अधिकाऱ्यांचे हुद्दे काढून घ्या. या वेळी माणसाच्या हातून धूप नको होता, पुस्तक हवे होते.

आजच्या अल्जीरियात सिर्टा नावाचे शहर होते. तिथे १९ मे ३०३ रोजी झालेल्या जप्तीचा सरकारी पंचनामा जवळजवळ जसाच्या तसा टिकला आहे. शहराचा प्रमुख मुनाशियस फेलिक्स लवाजमा घेऊन त्या घरी आला, जिथे ख्रिस्ती लोक जमत. बिशप पॉल हजर होता. कारकून एकेक वस्तू लिहीत गेला : सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, आणि मग कपडे. बायकांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांची पादत्राणे १३ जोड, बायकांची ४७ जोड.

ज्यांना राज्याचे शत्रू म्हटले गेले, त्यांच्या कोठीत हे निघाले. हे कपडे गरीब बायाबापड्यांना वाटण्यासाठी असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जकात-फित्र्याची पोती मोजून पाहिलेल्या माणसाला ही यादी लगेच कळेल.

पुस्तकांची कपाटे मात्र रिकामी होती. पुस्तके वाचकांच्या, म्हणजे जमातीपुढे ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांच्या घरी आहेत, असे सांगण्यात आले. त्यांची नावे सांगा म्हटल्यावर बिशप म्हणाला की ती तर तुमच्या कारकुनांना माहीत आहेत. दोन माणसांनी मात्र साफ सांगितले की आम्ही दगा देणारे नाही, मारायचे तर मारा. त्यांना अटक झाली. मग फेलिक्स घरोघर फिरला. कोणी चार ग्रंथ दिले, कोणी पाच, कोणी आठ. व्हिक्टर नावाच्या शिक्षकाने दोन ग्रंथ दिले. एका घरी नवरा नव्हता, तर बायकोने सहा आणून दिले. सिल्व्हॅनस नावाच्या एका कनिष्ठ धर्मसेवकाने रांजणामागे लपवलेली चांदीची पेटी आणि दिवा बाहेर काढून दिला.

जुलूम प्रत्यक्षात कसा होतो, ते इथे पाहावे. सिनेमात आपण सिंहाच्या तोंडी दिलेली माणसे पाहतो, आणि तसेही घडले. पण सिर्टात त्या दिवशी कोणी मेल्याची नोंद नाही. एक अधिकारी आला, त्याने यादी केली, शेजारी शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत ग्रंथ देत गेला, आणि कोणी काय दिले हे कागदावर चढले. माणसे घरी राहिली, पण एकमेकांच्या नजरेतून उतरली. ज्यांनी ग्रंथ हवाली केले त्यांना लॅटिनमध्ये ‘त्रादितोर’, हवाली करणारा, म्हणू लागले. इंग्रजीतला ‘ट्रेटर’, म्हणजे गद्दार, हा शब्द तिथूनच आला.

मर्जी कोणावर?

एप्रिल ३११ मध्ये मरणपंथाला लागलेल्या सम्राट गॅलेरियसने छळ थांबवला. ३१३ मध्ये कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस या दोन सम्राटांनी मिलान येथे जे ठरवले, ते त्या काळाच्या मानाने फार मोठे होते. ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांनाही, ज्याला जो धर्म पाळावासा वाटेल तो पाळण्याची मोकळीक देण्यात आली, आणि ख्रिस्ती लोकांच्या जप्त जागा मोबदला न घेता परत करायचे ठरले. ‘आणि इतर सर्वांनाही’ हे शब्द मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटतात. ते टिकले असते, तर गुहेतले तरुण वेगळ्या जगात जागे झाले असते.

पण कॉन्स्टन्टाइन त्यावर थांबला नाही. त्याला ख्रिस्ती धर्म नुसता मोकळा सोडायचा नव्हता, त्यावर मेहेरनजर करायची होती. त्याने कार्थेजच्या बिशपला पाद्र्यांमध्ये वाटायला मोठी रक्कम पाठवली. पाद्र्यांना नगरपालिकेच्या खर्चिक जबाबदाऱ्यांतून सूट दिली. त्या काळी श्रीमंतांना ही कामे पदरमोड करून करावी लागत, म्हणून सूट फार मोलाची होती. इतकी की थोड्याच वर्षांत पैसेवाल्यांनी पाद्री होण्यावर बंदी घालावी लागली.

आता अडचण अशी आली : कार्थेजचा बिशप कोण? तिथे दोन होते. सिसिलियन नावाच्या बिशपला ज्यांनी दीक्षा दिली, त्यांच्यातला एकजण ग्रंथ हवाली करणारा आहे, असा आरोप होता. म्हणून दुसऱ्या गटाने आपला बिशप निवडला. पुढे डोनॅटस हा त्यांचा नेता झाला आणि त्या गटाला डोनॅटिस्ट म्हणू लागले. सम्राटाने पैसे आणि सूट सिसिलियनच्या चर्चला दिली, आणि गडबड करणाऱ्यांना सरकारी अधिकाऱ्यांकडे न्यावे असेही त्याला लिहिले.

सरकार जोवर छळत होते, तोवर खरा ख्रिस्ती कोण हे त्याने ठरवायची गरज नव्हती. जो नाकारणार नाही तो ख्रिस्ती. पण सरकार द्यायला लागले की घेणारा कोण हे ठरवावेच लागते. मेहेरबानीलाही यादी लागते, आणि यादी आली की वगळणे आले. ३२६च्या कायद्यात तर लिहिलेच आहे की धर्माच्या नावाने दिलेल्या सवलती फक्त मान्यताप्राप्त पंथाला, पाखंडी आणि फुटीर यांना त्या नाहीत, उलट त्यांच्यावर जबाबदाऱ्या लादाव्यात.

गंमत अशी की सम्राटाच्या दारी पहिली धाव सिसिलियनच्या विरोधकांनीच घेतली. ३१३ मध्ये त्यांनी अर्ज केला की आमचा वाद सोडवायला न्यायाधीश द्या. रोममध्ये सुनावणी झाली, ते हरले. आर्ल्समध्ये धर्मसभा झाली, तिथेही हरले. ३१६ मध्ये सम्राटाने स्वतः निकाल दिला, तोही विरुद्ध. मग त्यांची चर्चेस जप्त करण्याचा हुकूम निघाला. चार वर्षांपूर्वी ‘ज्याला जो धर्म पाळावासा वाटेल’ म्हणणाऱ्या राजवटीने ३१७ मध्ये ख्रिस्ती लोकांवर, ख्रिस्ती धर्माच्या नावाने, सैनिक पाठवले.

आणि सिर्टाच्या पंचनाम्याचे काय झाले? तो ३२० साली पुन्हा बाहेर आला. रांजणामागची पेटी देणारा सिल्व्हॅनस आता डोनॅटिस्टांचा बिशप झाला होता, म्हणजे जो गट ‘आम्ही झुकलो नाही’ म्हणत होता त्याचा. त्याच्याच एका धर्मसेवकाशी त्याचे बिनसले आणि त्या माणसाने जुने कागद प्रांताचा सुभेदार झेनोफिलस याच्यापुढे ठेवले. दोन ग्रंथ देणारा शिक्षक व्हिक्टर साक्षीला उभा होता. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग त्याच्यापुढे पंचनामा वाचण्यात आला. ख्रिस्ती लोकांना चिरडण्यासाठी मूर्तिपूजक कारकुनाने लिहिलेला कागद, सतरा वर्षांनी ख्रिस्ती सम्राटाच्या अधिकाऱ्यापुढे, एका ख्रिस्ती गटाने दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला. ज्या शहरात हे घडले, त्याचे नाव तोवर कॉन्स्टन्टाइनच्या नावावरून ठेवले गेले होते, आणि आजही ते तेच आहे. यंत्रणा मोडली की मालक बदलले, याचे उत्तर मला या कागदात मिळते. त्याची एक ओळही बदलावी लागली नाही.

कॉन्स्टन्टाइनचेही सैनिक पाठवून काही साधले नाही. ३२१ मध्ये त्याने या लोकांचा न्याय अल्लाहवर सोडावा, अशा अर्थाचे लिहून माघार घेतली. पण त्याच्या मुलाच्या काळात, ३४७ मध्ये, पुन्हा फौज आली. तेव्हा डोनॅटस संतापून विचारता झाला की सम्राटाचा चर्चशी संबंध काय? प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त तो चौतीस वर्षे उशिरा विचारला गेला. अर्ज घेऊन दारी जाताना तो सुचला नव्हता.

जागे झाल्यावर

आता गुहेतून बाहेर येऊ. सात तरुणांनी काय पाहिले असते?

त्यांच्या वेळी धूप टाकला नाही तर शिक्षा होती. ८ नोव्हेंबर ३९२ रोजी पहिल्या थिओडोसियसने कायदा केला की कोणीही, कोणत्याही हुद्द्याच्या माणसाने, मूर्तीला बळी देऊ नये. एवढेच नाही, तर घरातल्या कुलदेवतेपुढे धूप जाळू नये, मद्य वाहू नये. जिथे धूप जळेल ती जागा जप्त. २५० मध्ये जे न करणे गुन्हा होता, ते १४२ वर्षांनी करणे गुन्हा झाले. त्या मगरीच्या देवाच्या पुजारणीची पणती-खापरपणती कुठे असेल, तर आता धाड तिच्या घरावर होती. आणि डोनॅटिस्टांवर ४१२ मध्ये हुद्द्याप्रमाणे दंड बसवण्यात आले. ऑगस्टीनसारखा विचारवंत आधी सक्तीच्या विरोधात होता. पुढे त्याने सक्तीचे समर्थन केले, कारण सक्तीने आलेले लोक नंतर टिकतात, असा त्याला अनुभव आला.

सरहद्दीपलीकडेही हिशेब चुकता झाला. इराणमध्ये ख्रिस्ती लोक राहत होते. कॉन्स्टन्टाइनने इराणच्या शाहला पत्र लिहून त्यांची काळजी घ्यायला सांगितले. रोम ख्रिस्ती झाले, रोम-इराण लढाई पेटली, आणि दुसऱ्या शापूरच्या दरबाराला आपले ख्रिस्ती प्रजाजन रोमचे हस्तक वाटू लागले. ३४०च्या सुमारास तिथे मोठा छळ सुरू झाला. शेजारच्या देशात आपल्या धर्माची सत्ता असणे हे अल्पसंख्याकांच्या गळ्यात कसे येते, हे भारतातल्या मुसलमानाला समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर आपल्यातले काहीजण म्हणतील की हा ख्रिस्ती लोकांचा दोष, आपल्याकडे असे नव्हते. होते. इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने बगदादच्या काझींना आणि आलिमांना एकेक करून विचारायला लावले की कुरआन निर्माण केलेले आहे की नाही. दरबारी मत मान्य केले तर पद राहील, नाही तर बेडी. इमाम अहमद बिन हंबल यांनी ते मानले नाही. त्यांना तुरुंगात टाकले आणि पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले. पुढे मुतवक्किलने ही चौकशी बंद केली, इमामांचा मान वाढला, आणि त्याच मुतवक्किलने ८५० मध्ये ख्रिस्ती व यहुदी प्रजेला वेगळ्या रंगाचे कपडे घालायचा हुकूम काढला. एकाची सुटका आणि दुसऱ्याची खूणगाठ एकाच दरबारातून निघाली.

आपल्या खिडकीवर

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. इथे कोणी रोमन छळ करत नाही, आणि तशी तुलना केली तर ती खोटी ठरेल. आपल्याकडे राज्यघटना आहे, कोर्ट आहे, कलम २५ आहे. पण दाखल्याची खिडकी आहे, आणि त्या खिडकीवर धर्माला किंमत आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला हजारो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या दिवशी त्या लोकांची जमीन, मजुरी, गावातली वागणूक काहीही बदलले नव्हते. पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जात नव्हती. शिखांचा त्यात १९५६ मध्ये समावेश झाला, बौद्धांचा व्हायला १९९० उजाडले. मधल्या काळात राज्य सरकारने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत यायला दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या माणसाला चौतीस वर्षे लागली. पिढ्यानपिढ्या मैला उचलणाऱ्या मुसलमानाला आणि ख्रिस्ती झालेल्या दलिताला ती यादी आजही बंद आहे.

गडचिरोलीत वेगळे चित्र आहे. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. गोंड, माडिया माणूस पेन पूजो, येशूला मानो किंवा काहीच न मानो, त्याचा जमातीचा दाखला तोच राहतो. मला हे आपल्या व्यवस्थेतले शहाणपण वाटते, कारण इथे सरकारने प्रश्नच विचारलेला नाही. आता धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी काही संघटना करत आहेत. ती मान्य झाली तर उद्या गावात कोणीतरी कोणाच्या घरात जाऊन काय पूजले जाते ते बघेल, आणि शेजारी शेजाऱ्याबद्दल जबाब देईल. सिर्टाचा पंचनामा असाच सुरू झाला होता. मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद मला माहीत आहे : दोन्हीकडून सवलती घेतल्या जातात आणि संस्कृती तुटते. सवलत दुहेरी मिळत असेल तर तो हिशेब सवलतीच्या नियमात दुरुस्त करता येईल. संस्कृती टिकवायची तर गोंडी शाळेत शिकवता येईल. त्यासाठी माणसाच्या देव्हाऱ्याची झडती लागत नाही.

पण माझे म्हणणे फक्त त्या मागणीला विरोध करण्यापुरते नाही. आपणही सरकारच्या दारी जातो तेव्हा काय मागतो, हे पाहिले पाहिजे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल ही गरिबीची आणि मागासपणाची मागणी आहे, ती ताठ मानेने करावी. पण आपल्यातल्याच एखाद्या फिरक्याला मुसलमान म्हणू नका, अमुक पुस्तकावर बंदी घाला, अमुक मताला शिक्षा करा, अशी मागणी घेऊन आपण जातो, तेव्हा ३१३ साली अर्ज घेऊन गेलेल्या त्या लोकांच्या रांगेत उभे राहतो. आपण सरकारला आपला धर्म ठरवण्याचा अधिकार देऊन येतो, आणि तो अधिकार परत मिळत नसतो. निकाल आपल्या बाजूने लागला तरी नाही.

म्हणून सरकार आपल्या धर्मावर खूश आहे की नाराज, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. राजे खूश होतात, नाराज होतात, मरतात. पहिला प्रश्न हा की खिडकीवर धर्म विचारला जातो का, आणि त्या उत्तरावर काय अवलंबून असते. ३१३ मधल्या ‘आणि इतर सर्वांनाही’ या शब्दांची राखण ख्रिस्ती लोकांनी केली नाही, कारण त्या वेळी मर्जी त्यांच्यावर होती. अल्पसंख्याकाला ते शब्द सुचतात, बहुसंख्याकाला त्यांचा विसर पडतो. आपण भारतात ज्या जागी उभे आहोत, तिथून ते स्पष्ट दिसतात. जिथे मुसलमान बहुसंख्य आहेत, तिथल्या अहमदिया, ख्रिस्ती, हिंदू माणसासाठीही आपण ते तितक्याच मोठ्याने म्हणणार असू, तरच आपल्या तोंडी ते शोभतील. नाही तर दकियानूसी हा शब्द दुसऱ्या कोणासाठी वापरायला नको.